वायर हलली की खरखर: दोष पिनमध्ये, वायरमध्ये की ड्रायव्हरमध्ये?

प्रश्न: दादा, मी अमळनेरचा. माझ्याकडे कानावर पूर्ण बसणारा वायरचा हेडफोन आहे, वायर फक्त डाव्या कपात जाते. हल्ली वायर हलली की दोन्ही कानांत खरखर होते. वायर एका ठराविक कोनात धरली तर गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि फक्त वाद्यं लांबून ऐकू येतात. बाजारात एक जण म्हणाला ड्रायव्हर गेला, दुसरा म्हणाला पिन बदला. उघडण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते घरी कसं ओळखायचं?

उत्तर:

भाऊ, गाणाऱ्याचा आवाज गायब होतो ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात उपयोगी माहिती आहे. ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर. तो बिघडला तर आवाज फाटतो, घरघरतो, नाहीतर तो कान बंद पडतो. दोन्ही बाजूंच्या गाण्यातून नेमका गायकच उचलून बाजूला करणं त्याला जमत नाही. हे काम तुटलेल्या कॉमन वायरचं. तिला कोणी ग्राउंड म्हणतं, कोणी अर्थ.

तुमच्यासारख्या हेडफोनच्या वायरीत साधारणपणे तीनच तारा असतात. एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची आणि दोघांची मिळून परतीची एक कॉमन. पिनच्या टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधलं कडं उजव्याचं आणि बुडाकडचा लांब भाग कॉमनचा. कॉमन शाबूत असेल तोवर प्रत्येक ड्रायव्हरला आपापला करंट मिळतो आणि तो कॉमनमधून परत जातो. कॉमन सुटली की परतीची वाट बंद होते आणि दोन्ही ड्रायव्हर डाव्या व उजव्या तारेच्या मध्ये एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात. मग त्यांच्यातून डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक वाहतो. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे फरकात तो उरतच नाही. वाद्यं दोन्हीकडे कमी-जास्त असतात, गुंज वेगवेगळी असते, म्हणून ती उरतात आणि पोकळ, लांबून आल्यासारखी वाटतात.

म्हणजे ड्रायव्हर बदलायचा विचार सध्या सोडा. पण कॉमन तुटली आहे एवढ्यावर ती कुठे तुटली हे कळत नाही. पिनच्या आत सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो, पिनच्या मागे तार तुटलेली असू शकते, किंवा डाव्या कपात जिथे ती जोडली जाते तिथला डाग हलत असू शकतो. शिवाय दोष हेडफोनमध्ये नसून फोनच्या सॉकेटमध्येही असू शकतो. दुरुस्तीला बसणारे बहुतेक जण इथेच चुकतात. वायर धरून हलवली, खरखर झाली, चला वायर खराब. पण तुम्ही वायर हलवता तेव्हा तिच्याबरोबर सॉकेटमधली पिनही हलते, पिनच्या मागचा रबरी भागही वाकतो आणि कपातला डागही ओढला जातो. खरी तपासणी म्हणजे यातली एकच जागा हलवायची आणि बाकीच्या घट्ट धरून ठेवायच्या. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

सॉकेटपासून सुरुवात करा, कारण ती फुकटात सुटणारी गोष्ट आहे. पिन आणि तिच्या मागची वीतभर वायर एकाच मुठीत घट्ट धरा, म्हणजे वायर पिनपाशी वाकणार नाही. आता गाणं चालू ठेवून अख्खी मूठ हलकेच गोल फिरवा, मग थोडी दाबा, किंचित बाहेर ओढा. वायर न वाकता नुसती पिन फिरण्याने खरखर होत असेल तर दोष पिनच्या पृष्ठभागात किंवा सॉकेटमध्ये आहे. मग तोच हेडफोन लॅपटॉपला किंवा दुसऱ्या फोनला लावून हेच करा. तिथे शांत राहिला तर तुमच्या फोनचं सॉकेट, तिथेही खरखरला तर पिन. गाणं आपोआप थांबत असेल किंवा स्क्रीनवरचं हेडफोनचं चिन्ह जात-येत असेल, तर पिन पूर्ण आत बसत नाही किंवा सॉकेटमधली पत्ती सैल झाली आहे, असा बहुधा अर्थ असतो.

आपल्याकडे एक गोष्ट जास्त दिसते. जिनिंगवर काम करणारे, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात असणारे, यांच्या खिशातल्या फोनच्या सॉकेटात कापसाचा बारीक तंतू आणि धूळ जाऊन बसते. दर वेळी पिन घातली की ती तळाशी आणखी दाबली जाते. शेवटी पिन पूर्ण आत जातच नाही, मिलिमीटरभर बाहेर राहते आणि टोकाचा भाग भलत्याच पत्तीला टेकतो. बॅटरीच्या उजेडात सॉकेटमध्ये डोकावा. तळाशी राखाडी गादी दिसली तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हळूच बाहेर काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतल्या पत्त्या वाकतात आणि मग फोनच उघडावा लागतो. पिन मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. घामाने आणि हवेने तिच्यावर जो काळपट थर चढतो, तोही खरखर करतो.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू. हेडफोन फोनला न लावता कानावर घाला आणि वायर शर्टावर घासा. खसखस ऐकू आली तर ती वायरीतून कपापर्यंत येणारी नुसती घासण्याची थरथर आहे, विजेशी तिचा संबंध नाही. कानात घुसवायच्या इअरफोनमध्ये ती जास्त असते. तो बिघाड नाही आणि कुठलीही पिन बदलून तो जाणार नाही.

सॉकेट निर्दोष ठरलं की मीटर काढण्याआधी कानानेच एक पक्की परीक्षा घेता येते. फोनच्या सेटिंगमध्ये Accessibility मध्ये Mono audio नावाचं बटण असतं. फोनच्या कंपनीप्रमाणे ते आत एखाद्या उपविभागात असू शकतं, सेटिंगच्या शोधपट्टीत mono टाकलं की सापडतं. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवरही याच नावाने आहे. ते चालू केलं की दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखाच आवाज जातो. आता वायर त्या वाईट कोनात आणा. कॉमन सुटत असेल तर डाव्या-उजव्यातला फरक शून्य असल्यामुळे दोन्ही कान एकदम मुके होतील. डावी तार सुटत असेल तर फक्त डावा कान जाईल आणि उजवा तसाच गात राहील. उजवीचं त्याच्या उलट. लेक्चर ऐकताना तुम्हाला कदाचित 'मध्येच सगळं बंद पडतं' असं वाटलं असेल, कारण नुसतं बोलणं बहुधा मोनोच असतं. गाण्यात गायक जाणं आणि लेक्चरमध्ये सगळंच जाणं, ही एकाच तुटलेल्या तारेची दोन रूपं आहेत.

या परीक्षेला ढोल-ताशाचं गाणं लावू नका. त्या गदारोळात क्षणभराची तूट ऐकूच येत नाही. एखादा सलग सूर हवा. टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ४०० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि आवाज कमी ठेवा. सलग सुरात केसाएवढी तूटही टचकन कळते.

आता जागा शोधू. टेबलावर बसा. पिन फोनमध्ये लावून फोन आणि पिनचा कडक भाग सेलोटेपने टेबलाला चिकटवा. पिनपासून सुमारे पाच सेंटिमीटरवर वायरही टेपने दाबून टाका. सूर चालू करा आणि पिन व टेप यांच्यामधला तेवढाच तुकडा बोटाने चारही दिशांना वाकवा. खरखर झाली तर दोष त्या पाच सेंटिमीटरमध्येच आहे, कारण बाकी काहीच हललेलं नाही. झाली नाही तर टेप पुढे सरकवा आणि पुढचा तुकडा घ्या. दोन्ही हातांची बोटं दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवून फक्त मधला भाग वाकवत कपापर्यंत जायचं. घाई करून वायर ओढू नका. ओढली की ताण दोन्ही टोकांना पोहोचतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

बोटांनाही बरंच कळतं. चांगली वायर वाकवली की गोलाई धरते. आतलं तांबं तुटलेलं असेल तिथे ती बिजागरीसारखी एकाच जागी दुमडते, कारण आकार धरून ठेवायला आत काही उरलेलं नसतं. जुनी, उन्हात राहिलेली वायर याला अपवाद. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना गाडीच्या डिकीत राहिलेल्या हेडफोनचं वरचं प्लास्टिक ताठ होतं आणि आतली मऊ जागा झाकून टाकतं. तिथे बोटांपेक्षा सुरावर भरवसा ठेवा.

तुमच्या हेडफोनमध्ये वायर एकाच कपात जाते म्हणून आणखी एक जागा तपासा. डाव्या कपातून उजव्या कपाकडे दोन तारा डोक्यावरच्या पट्टीतून जातात. मुख्य वायर टेबलाला पूर्ण टेप करा आणि फक्त पट्टी लांब-आखूड करा, कप फिरवा. तेव्हा फक्त उजव्या कानात खरखर झाली तर दोष पट्टीतल्या तारेत आहे. दोन्ही कानांत खरखर होते म्हणून तुमचं हे निघण्याची शक्यता कमी वाटते, पण मिनिटभराचं काम आहे, करून टाका.

इथपर्यंत मीटर लागलाच नाही. पण कापाकापी करण्याआधी मी मीटर लावल्याशिवाय राहत नाही, आणि तुम्हीही कुणाचा तरी मागून आणा. साधा डिजिटल मल्टिमीटर चालेल. तो २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. टूंऽऽ वाजणाऱ्या कंटिन्यूइटीवर ठेवू नका. हेडफोनचा ड्रायव्हर बहुतेक वेळा ३२ ओहमच्या आसपासचा असतो आणि त्या आकड्याला कुठला मीटर वाजतो, कुठला वाजत नाही. त्यावरून निष्कर्ष काढला तर फसाल. आधी मीटरच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवून काय दाखवतो ते लिहून ठेवा. ०.३ किंवा ०.४ येईल. तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं.

धरणगावच्या एका जिनिंगवाल्याचा हेडफोन नेमका तुमच्यासारखा होता. तो येऊन म्हणाला, "भाऊ, वायर हालनी का खरखर करस, अन् गानारा पयी जास." त्याची मापं सांगतो, म्हणजे आकडे कसे वाचायचे ते कळेल. सळयांचे ०.३ वजा करून, वायर सरळ ठेवल्यावर टोक ते बूड ३३.६ ओहम, मधलं कडं ते बूड ३४.८ आणि टोक ते मधलं कडं ६६.८. उजव्याचं माप थोडं जास्त आहे कारण त्याची तार डोक्यावरच्या पट्टीतून आणखी लांब जाते. त्यात बिघाड काही नाही.

तिसरं माप सगळ्यात कामाचं आहे, आणि तेच लोक घेत नाहीत. टोकाकडून मधल्या कड्याकडे मोजताना मीटरचा करंट डाव्या तारेने जातो, दोन्ही ड्रायव्हरमधून फिरतो आणि उजव्या तारेने परत येतो. मुख्य वायरीतल्या कॉमनला तो शिवतही नाही. म्हणून पहिली दोन मापं मिळवा, त्यातून तिसरं वजा करा आणि निम्मं करा, की नुसत्या कॉमन तारेचा रोध मिळतो. इथे ३३.६ आणि ३४.८ मिळून ६८.४, त्यातून ६६.८ गेले की १.६, निम्मे ०.८ ओहम. मीटर-सव्वा मीटरच्या बारीक तारेला हे ठीक आहे. आता पिनच्या मागचा भाग वाकवून धरला तर पहिलं माप ४०.७ झालं, दुसरं ४१.९ झालं, आणि तिसरं ६६.८ वरच राहिलं. हिशेब केला की कॉमन ७.९ ओहम. म्हणजे दहापट वाढ, आणि ती फक्त कॉमनमध्ये. दोन्ही ड्रायव्हर, डावी तार, उजवी तार, सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले.

हेच आकडे दुसऱ्या तऱ्हेने हलले असते तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. टोक-बूड आणि टोक-कडं ही दोन मापं उड्या मारत असतील आणि कडं-बूड स्थिर असेल, तर दोष डाव्या बाजूचा, मग तो तारेत असो की ड्रायव्हरच्या डागाशी. कडं-बूड आणि टोक-कडं हलत असेल तर उजव्या बाजूचा. मापं घेताना हेडफोन कानावरच ठेवा. मीटर जो थोडासा करंट सोडतो त्यानेही कानात टचटच होते, आणि आकडा बदलायला मीटरला अर्धा सेकंद लागतो तिथे कान आधी सांगतो. पिनवर सळया धरताना हात थरथरतो, म्हणून चिमटे असलेल्या सळया घ्या किंवा हेडफोनच्या जुन्या एक्स्टेंशन वायरचं सॉकेट कापून त्याला तीन तारा काढून ठेवा. नाहीतर स्वतःच्या हाताची थरथर तुम्ही वायरीचा दोष समजाल.

माइकवाली पिन असेल तर थोडं सांभाळा. तिला तीन काळ्या रेघा आणि चार भाग असतात. आजकालच्या बहुतेक फोनच्या पद्धतीत टोक डावं, पुढचं कडं उजवं, त्याच्या पुढचं कॉमन आणि सगळ्यात बुडाचा भाग माइकचा. म्हणजे मोजताना बुडाला सळई लावली तर भलतंच माप येईल, टोकापासून तिसरा भाग धरा. अशा हेडफोनची एक खूण वेगळी आहे. वायर हलवली की गाणं थांबतं, पुन्हा सुरू होतं, किंवा मोबाइलचा बोलका मदतनीस उघडतो, तर माइकची तार कॉमनला टेकते आहे. गाणं थांबवायचं बटण तेच करतं, माइक आणि कॉमन क्षणभर जोडतं. हे टेकणं पिनच्या आत किंवा बटणाच्या छोट्या डबीत होतं, म्हणून आधी ती डबी दाबून पाहा.

आता ड्रायव्हर. कधी त्याच्यावर संशय घ्यावा? वायर अजिबात न हलवता, टेप करून ठेवल्यावरही एका कानात घरघर येत असेल आणि ती आवाजाच्या जोरावर किंवा ढोलावर, बासवर वाढत असेल तेव्हा. टोन जनरेटरवर ३० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू चढत जा, आवाज बेताचाच ठेवा. चांगला ड्रायव्हर गुळगुळीत चढतो. आतली कॉइल घासत असेल तर एखाद्या टप्प्यावर खर्रर्र होतं आणि पुढे जातं. बऱ्याचदा तर ड्रायव्हर चांगलाच असतो आणि त्याच्या पातळ पडद्यावर डोक्याचा एखादा केस पडलेला असतो. हेडफोन हलवला की केस सरकतो, त्यामुळे वायर हलवल्यावर आवाज बदलला असं वाटतं आणि माणूस भलत्या टोकाला शोधत बसतो. गादी काढा, जाळी खाली करून हलकेच फुंका. केस निघाला की आवाज गेला. पडद्याला बोट किंवा चिमटा लावायचा नाही, त्याला पडलेली घडी परत उठत नाही.

वायर हलवल्याने खरखरणारा पण तरीही कपातलाच असा एक दोष आहे, तो म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या पट्ट्यांवरचा डाग. वायर कपात शिरते तिथे आत गाठ मारलेली किंवा रबर बसवलेलं असतं, म्हणजे ओढ डागापर्यंत जाऊ नये. गाठ सैल झाली की प्रत्येक ओढ डागावर येते. ओळखायला वायर कपाजवळ दोन बोटांत धरून आत ढकला आणि बाहेर ओढा, वाकवू नका. वाकवल्याने शांत आणि ढकलल्याने खरखर, असं असेल तर कप उघडा. उघडल्यावर मीटरच्या सळया थेट ड्रायव्हरच्या दोन पट्ट्यांवर ठेवा. तिथे ३२ च्या आसपास स्थिर माप येत असेल आणि वायर हलवूनही ते हलत नसेल तर ड्रायव्हर शाबूत आहे. थेट पट्ट्यांवर मोजूनही आकडा उडत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तेव्हाच ड्रायव्हर गेला म्हणा. पट्टीपासून कॉइलकडे जाणारी तार केसाहून बारीक असते. ती तुटली तर सांधायच्या नादी लागण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर एकाच जोडीचे बदलणं बरं, नाहीतर डावा-उजवा आवाज जुळत नाही. काही जण पेन्सिल सेल टेकवून ड्रायव्हर तपासतात. मला ते पटत नाही. दीड व्होल्टचा सेल ३२ ओहमला लावला की सत्तेचाळीस मिलिअँपिअर जातात. टेकवताच मोठा ठोका बसतो, आणि धरूनच ठेवला तर कॉइल उगाच तापते. मीटरने होणारी टचटच पुरेशी आहे.

तुमच्या बाबतीत दोष पिनच्या मागच्या पाच सेंटिमीटरमध्ये निघेल असं मला वाटतं. खिशातून फोन काढताना, खुर्चीवरून उठताना सगळी ओढ तिथेच येते. पिन ओतीव प्लास्टिकची असेल तर तिच्या आत दोष आहे की लगेच मागे, हे बाहेरून वेगळं करता येत नाही आणि गरजही नाही, कारण दोन्हींवर उपाय एकच, कापून नवी पिन लावणं. एक तपासणी मात्र करा. पिनचं टोक दोन बोटांत धरून फिरवून पाहा. ते स्वतःभोवती फिरत असेल तर आतली रिव्हेट सैल आहे. अशी पिन वायरीत दोष नसला तरी बदलायचीच.

कापताना नुसत्या पिनला चिकटून कापू नका. वाकवून जिथे खरखर झाली त्या जागेच्या पुढे, कपाच्या बाजूला तीन सेंटिमीटर जाऊन कापा. मग कापलेला तुकडा फेकू नका, तोच तुमचा पुरावा. त्याच्या मोकळ्या टोकाच्या तारा सोलून पिनच्या बुडापासून कॉमनच्या तारेपर्यंत मोजा आणि तुकडा वाकवा. आकडा उडाला तर दोष तुमच्या हातात आला. धरणगावच्या हेडफोनमध्ये तसंच झालं. स्थिर राहिला तर दोष अजून हेडफोनच्याच बाजूला आहे आणि नवी पिन लावून काही उपयोग नाही.

या तारा सोलण्यात नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. त्या रंगीत दिसतात, पण रंग प्लास्टिकचा नसतो, तांब्यावर चढवलेल्या लाखेसारख्या इनॅमलचा असतो. बहुतेक वेळा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांब्याच्या रंगाची कॉमन. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण सगळे कारखाने हे पाळत नाहीत. इनॅमल न काढता मीटर लावला तर सगळंच तुटलेलं दिसेल, आणि डाग दिला तर तो वर बसल्यासारखा दिसून आत काहीच जोडत नाही. तारांमध्ये बळकटीसाठी धाग्याचा पुंजका असतो, तो आधी बाजूला काढा. मग तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तारेचं टोक त्यात काही सेकंद बुडवून ठेवा. इनॅमल जळून धूर निघतो आणि तार चांदीसारखी चमकते. खिडकी उघडी ठेवून करा. चमक आली नाही तर आयर्न पुरेसा तापलेला नाही.

नवी पिन धातूच्या टोपणाची, स्क्रूने उघडणारी घ्या. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये सुटी मिळते. तुमची वायर जाड असेल तर टोपणाचं मागचं भोक तेवढं मोठं आहे ना ते वायरीचा तुकडा घालूनच बघा. टोपण आणि हीट श्रिंकची नळी डाग देण्याआधी वायरीत ओवा. तारा पिनच्या पट्ट्यांना लावण्याआधी मीटरने रंग पक्के करा. कोणत्या दोन तारांमध्ये सगळ्यात मोठं माप, ६६-६७ येतं ते बघा, त्या डावी आणि उजवी. उरली ती कॉमन. डावी-उजवी ठरवायला मीटरची टचटच कुठल्या कानात होते ते ऐका.

डाग दिल्यावर टोपण बसवण्याआधी तीनही मापं पुन्हा घ्या, पिनच्या मागे वायर वाकवत घ्या. कॉमनचा हिशेब एक ओहमच्या आसपास यायला हवा आणि वाकवल्यावर हलता कामा नये. पिनच्या मागच्या पट्ट्या वायरीच्या वरच्या आवरणावर दाबून बसवा, तारांवर नको. ओढ आवरणाने घ्यायची असते.

वायर कापल्यावर आतलं तांबं लालसर-चकचकीत न दिसता काळं किंवा हिरवट दिसलं, तर आणखी दहा सेंटिमीटर मागे जाऊन कापा. तिथेही तसंच असेल तर घाम आणि ओल वायरभर पोहोचली आहे. त्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, आणि धरलं तरी काही आठवड्यांत पुढची जागा तुटते. अशा वेळी पिनपासून डाव्या कपापर्यंतची अख्खी वायर बदला. कप उघडल्यावर डाव्या ड्रायव्हरला कुठली तार कुठे लागली आहे याचा फोटो आधी काढून घ्या, कारण उजव्या कानाच्या तारा तिथूनच पट्टीत वर जातात.